एफपीएस भरपूर, तरी गेम अडखळतो: फ्रेम टाइमचा ग्राफ कसा वाचायचा

प्रश्न: रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, रॅम १६ जीबी (८+८), मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. विंडोज एसएसडीवर आहे, गेम जुन्या हार्ड डिस्कवर. हॉगवर्ट्स लेगसी खेळताना कोपऱ्यात ७०-७५ एफपीएस दिसतात, पण किल्ल्यात फिरताना सारखे झटके बसतात. सेटिंग हायवरून लो केलं तर एफपीएस ९५ झाले, झटके मात्र तसेच, उलट जास्तच जाणवतात. मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. आफ्टरबर्नरमध्ये ग्राफ लावला, पण त्यातलं काही कळत नाही. प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवणाऱ्या प्रेझेंटमॉनची एक मिनिटाची फाइल आणि त्या मिनिटात दारं उघडल्याच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. नवीन कार्ड घेऊ का?

उत्तर:

कार्डाचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. सेटिंग कमी केल्यावर एफपीएस वाढले आणि झटके तसेच राहिले, या एकाच गोष्टीवरून कार्डावरचा संशय बराच कमी होतो. तरी अंदाजावर थांबायला नको, कारण खात्री करून घेण्याइतकी माहिती तुमच्या फाइलमध्ये आहे.

कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा म्हणजे मागच्या साधारण सेकंदभरात किती फ्रेम आल्या याची मोजदाद. त्या फ्रेम सारख्या अंतराने आल्या की नाही, हे तो आकडा सांगत नाही. फ्रेम टाइम म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत गेलेले मिलिसेकंद. ६० एफपीएस म्हणजे १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३, १४४ म्हणजे ६.९. हजाराला फ्रेम टाइमने भागलं की एफपीएस मिळतात. म्हणून या ग्राफमध्ये रेष जितकी खाली तितकी चांगली. एफपीएसच्या ग्राफची सवय असलेले लोक इथे पहिल्यांदा हमखास उलटं वाचतात.

आता दहा सेकंदांची दोन रेकॉर्डिंग घ्या. पहिल्यात प्रत्येक फ्रेमला बरोबर २२ मिलिसेकंद लागतात. सरासरी येते ४५ एफपीएस. दुसऱ्यात ६०० फ्रेम आहेत, त्यातल्या ५९० फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि दहा फ्रेमना ११५. बेरीज बरोबर दहा सेकंद, म्हणजे सरासरी नेमकी ६० एफपीएस. आकड्यावर दुसरं रेकॉर्डिंग जिंकतं. प्रत्यक्षात पहिल्यात गेम जरा जड वाटेल पण एकसारखा चालेल, आणि दुसऱ्यात दर सेकंदाला एकदा चित्र थबकेल. पहिला प्रकार कमी सरासरीचा, दुसरा स्टटरचा. या दोन्ही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ग्राफ कळत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे त्याची उभी पट्टी. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये Monitoring टॅबवर जाऊन Frametime निवडा, Show in On-Screen Display वर टिक करा आणि तिथेच प्रकार text ऐवजी graph करा. त्यानंतर ग्राफची खालची आणि वरची मर्यादा ० आणि ५० अशी पक्की करून टाका. मर्यादा लहान असली तर १४ वरून १७ पर्यंतची साधी थरथरही डोंगराएवढी दिसते, आणि २०० ठेवली तर ४० चा खरा झटका नजरेतून सुटतो. ५० ठेवल्यावर मोठे स्पाइक वर कापले जातील, ते चालेल. त्यांची खरी उंची आपण फाइलमधून काढू.

पट्टी पक्की झाली की ग्राफवर दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: रेषेचा तळ कुठे आहे आणि त्या तळातून वर काय येतंय. तळ २५-३० वर आहे, रेष जवळपास सपाट आहे आणि कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसतोय, तर ती निव्वळ कमी सरासरी. रिझोल्यूशन उतरवलं की सगळी रेष खाली सरकते. तळ १३-१४ वर शांत आहे आणि मधूनच एखादी सुई ८०-१०० पर्यंत उभी राहते, तर तो स्टटर. तिसरा प्रकार म्हणजे रेषेचा जाड पट्टा, एक फ्रेम ९ तर पुढची १७, सतत खालीवर. सीपीयूला वेळ पुरत नाही तेव्हा बहुधा असं दिसतं. असा पट्टा असेल तर आफ्टरबर्नरसोबत येणाऱ्या रिवाट्यूनरमध्ये एफपीएसवर मर्यादा घालून पाहावी. पट्ट्याच्या वरच्या कडेच्या थोडी वर मर्यादा ठेवली, म्हणजे १७ वर जाणाऱ्या पट्ट्याला १८ मिलिसेकंद किंवा ५५ एफपीएस, तर पट्टा बारीक होऊन रेष होते. मोठ्या सुया मात्र मर्यादा घालून जात नाहीत. ११८ मिलिसेकंद लागणाऱ्या फ्रेमला तुम्ही १८ ची शिस्त लावा की ३३ ची, ती उशिराच येणार.

बहुतेकांची फसगत १% लोच्या आकड्यात होते. सगळ्यात वाईट एक टक्का फ्रेम, असा त्याचा ढोबळ अर्थ, पण तो काढायच्या पद्धती दोन आहेत. मघाच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये दहाऐवजी पाचच झटके धरा: ५९५ फ्रेम १५ च्या, पाच फ्रेम ११५ च्या. एका पद्धतीत फ्रेम उतरत्या क्रमाने लावून ९९ टक्क्यांच्या सीमेवरची फ्रेम बघतात. सहाशेचा एक टक्का म्हणजे सहा, झटके पाचच, म्हणून सीमेवर १५ ची फ्रेम येते आणि १% लो दिसतो ६७ एफपीएस. दुसऱ्या पद्धतीत त्या सहा फ्रेमची सरासरी घेतात, ती येते ९८ मिलिसेकंद, म्हणजे १० एफपीएस. गेम तोच, रेकॉर्डिंग तेच, आणि नावही तेच. म्हणून दोन वेगळ्या प्रोग्रॅमचे किंवा दोन यूट्यूब चॅनेलचे १% लो एकमेकांशी लावू नयेत. स्टटर शोधताना झटके किती आणि केवढे हे सरळ मोजलेलं बरं.

आता तुमची फाइल. एका मिनिटात ४४१२ फ्रेम, सरासरी १३.६ मिलिसेकंद, म्हणजे ७३.५ एफपीएस. ९९ टक्क्यांची सीमा १९ मिलिसेकंदांवर आहे, म्हणजे त्या पद्धतीने १% लो ५३ एफपीएस. एवढंच बघितलं तर कोणीही म्हणेल, सगळं ठीक आहे. पण ५० मिलिसेकंदांच्या वरच्या फ्रेम मोजल्या तर नऊ निघतात, ६० पासून १४० पर्यंतच्या. ४४१२ चा एक टक्का ४४ होतो, त्यामुळे नऊ फ्रेम त्या सीमेच्या पलीकडे सहज लपतात. मिनिटाला नऊ म्हणजे दर सहा-सात सेकंदांना एक, आणि तुम्ही ज्याला सारखे झटके म्हणताय ते हेच.

स्वतः मोजायचं असेल तर फाइल एक्सेलमध्ये उघडा. FrameTime चा रकाना A मध्ये आहे असं धरून:

```
=1000/AVERAGE(A2:A4413)
=PERCENTILE(A2:A4413,0.99)
=COUNTIF(A2:A4413,">50")
```

प्रत्येक ओळीचे एफपीएस काढून मग त्यांची सरासरी घेऊ नका. तसं केलं की झटपट आलेल्या फ्रेमना जास्त वजन मिळतं आणि आकडा फुगतो. आधी फ्रेम टाइमची सरासरी, मग हजाराला भागाकार. ५० ची रेघ १३-१४ च्या तळासाठी चालून जाते, पण ती सगळीकडे लावू नये. आसपासच्या फ्रेमच्या सरासरीच्या अडीच पटीहून जास्त वेळ लागलेली फ्रेम झटका धरावी, हा नियम बहुतेक ठिकाणी बरोबर बसतो. तळ ३३ वर असलेल्या गेममध्ये ५० ची फ्रेम फारशी खटकत नाही, आणि ७ वर असेल तर २५ चीही हाताला जाणवते.

सेटिंग लो केल्यावर झटके जास्त का जाणवले, तेही यात आलं. हायवर तळ १३.५ आणि झटका ११८, म्हणजे पावणेनऊ पट. लोवर तळ १०.५ झाला आणि झटका जवळपास तेवढाच राहिला, म्हणजे अकरा पट. भोवतालचं जितकं गुळगुळीत, तितका खड्डा जास्त लागतो. महागडं कार्ड घालून तळ ७ वर आणलात तर हाच अनुभव आणखी तीव्र होईल.

फाइलमधली सगळ्यात कामाची जागा म्हणजे झटक्याच्या आसपासच्या चार-पाच ओळी. तुमच्या फाइलमधला एक झटका असा आहे:

```
FrameTime   GPUBusy
   13.2       12.8
   13.5       13.1
  118.4       12.6
   20.9       13.0
   13.3       12.9
```

GPUBusy म्हणजे त्या फ्रेमसाठी कार्ड प्रत्यक्षात किती वेळ कामात होतं. इंटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रेझेंटमॉनमध्ये हा आकडा आणला, आणि तो एनव्हिडिया व एएमडीच्या कार्डांवरही मिळतो. साध्या ओळींत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे एरवी कार्ड पूर्ण भरलेलं आहे आणि वेग तेच ठरवतंय. ७३ एफपीएस तुम्हाला कमी वाटत असतील तर त्यापुरतं मित्राचं म्हणणं बरोबर आहे. पण ११८.४ च्या ओळीत कार्डाने काम केलं फक्त १२.६ मिलिसेकंद. उरलेले शंभरावर मिलिसेकंद ते रिकामं बसून होतं, कारण पुढचं काम त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. दुप्पट वेगाचं कार्ड असतं तर १२.६ चे ६ झाले असते आणि झटका ११८ ऐवजी ११२ च्या आसपास राहिला असता. हा आकडा कधी कधी एक-दोन ओळी मागेपुढे नोंदला जातो, तेव्हा एकाच ओळीवर निकाल देऊ नका, शेजारच्या ओळीही बघा. त्यांतही GPUBusy वाढलेला नाही, म्हणून इथे शंका उरत नाही. उलट झटक्याच्या ओळीत GPUBusy सुद्धा १०० च्या पुढे गेला असता तर कार्डाकडे किंवा त्याच्या स्वतःच्या मेमरीकडे, म्हणजे व्हीरॅमकडे बघावं लागलं असतं. तुमचं कार्ड १२ जीबीचं आहे आणि रिझोल्यूशन १०८०पी, त्यामुळे व्हीरॅम भरल्याची शक्यता कमीच.

मग काम अडलं कुठे? ग्राफ इथे अर्धंच उत्तर देतो, उरलेलं झटक्यांच्या वेळापत्रकावरून काढायचं. किल्ल्यातला एक रस्ता ठरवा, दोन-तीन दारं आणि एखादा जिना असलेला, साधारण मिनिटभराचा. गेम नव्याने सुरू करा, त्याच रस्त्याने तीनदा जा आणि तीन वेगळ्या फाइल घ्या. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा, cd ने प्रेझेंटमॉनच्या फोल्डरमध्ये जा आणि हे चालवा. पहिलं नाव तुम्ही उतरवलेल्या फाइलचं जे असेल ते घाला:

```
PresentMon.exe --process_name HogwartsLegacy.exe --output_file run1.csv --timed 60 --terminate_after_timed
```

पहिल्या फेरीत झटके आले आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्याच जागी नाहीसे झाले, तर दोन शक्यता आहेत. एक, शेडर, म्हणजे चित्र रंगवायला कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, पहिल्यांदाच तयार होत होते. दुसरी, डिस्कवरून वाचलेला डेटा आता रॅममध्ये बसलाय. यातलं नेमकं काय, ते कॉम्प्युटर रीस्टार्ट करून चौथी फेरी घेतली की कळतं. शेडर एकदा तयार झाले की डिस्कवरच्या कॅशमध्ये राहतात, रीस्टार्टने जात नाहीत (ड्रायव्हर बदलला की मात्र पुन्हा तयार करावे लागतात). रॅममधला डेटा रीस्टार्टने जातो. म्हणजे चौथ्या फेरीत झटके परत आले तर बोट डिस्ककडे जातं, नाही आले तर शेडरकडे.

तीनही फेऱ्यांत झटके त्याच दारापाशी, जवळजवळ त्याच उंचीचे आले, तर गेम पुढचा भाग आणताना अडतोय. त्यात डेटा वाचणं, तो उलगडणं आणि नव्या वस्तू दृश्यात उभ्या करणं एवढी कामं येतात, आणि यातलं बरंचसं सीपीयूच्या एकाच थ्रेडवर होतं. हॉगवर्ट्स लेगसी अनरियल इंजिन ४ वर आहे आणि किल्ल्याच्या दारांपाशी असं अडखळणं या गेममध्ये बऱ्याच लोकांना दिसलंय.

झटके जागेशी जुळत नसून घड्याळाशी जुळत असतील, म्हणजे उभं राहिलं तरी बरोबर एक किंवा दोन सेकंदांनी येत असतील, तर गेमला दोष देण्याआधी मागे चालणारे प्रोग्रॅम बंद करा. पंखे, दिवे आणि तापमान दाखवणारे प्रोग्रॅम ठरावीक अंतराने हार्डवेअरला विचारणा करतात आणि त्यातले काही त्या क्षणी गेमला थांबवतात. आफ्टरबर्नरही त्यातलाच. तपासायला त्याचा ग्राफ बंद करून फक्त प्रेझेंटमॉनने फाइल घ्या.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे. नऊपैकी सात झटक्यांच्या वेळा तुम्ही दार उघडल्याच्या वेळांशी जुळतात, तुम्हीच त्या लिहून दिल्यात म्हणून हे सांगता येतंय. या गेमच्या शिफारशीच्या यादीत एसएसडी आहे, हार्ड डिस्क फक्त किमान गरजांच्या यादीत चालते म्हटलीय. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, Properties, Installed Files आणि Move install folder. सेव्ह फाइलला धक्का लागत नाही. एसएसडीवर जागा नसेल तर साधी साटा एसएसडीही इथे चालेल. हार्ड डिस्क ते साटा हा फरक मोठा असतो, साटा ते एनव्हीएमई हा या कामात त्या मानाने किरकोळ. हलवल्यावर तोच रस्ता पुन्हा चाला आणि ५० च्या वरच्या फ्रेम मोजा. नऊच्या दोन-तीन झाल्या आणि उंची निम्म्यावर आली तर निदान बरोबर. काही फरकच पडला नाही तर टास्क मॅनेजरमध्ये रॅम बघा. १६ जीबीत ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या असतील तर विंडोज डेटा डिस्कवर टाकायला लागते आणि झटके तसेच दिसतात. रे ट्रेसिंग चालू असेल तर तेही बंद करून एक फेरी घ्या, त्याचा भार कार्डाबरोबर सीपीयूवरही पडतो.

ग्राफमध्ये उंच सुया नसूनही गेम खटकतो, असे दोन-तीन प्रकार असतात. ऑनलाइन गेममध्ये रेष शांत आहे पण समोरचा खेळाडू मागे उडी मारतोय किंवा तुम्ही रबरासारखे मागे ओढले जाताय, तर ते नेटवर्क आहे. त्यासाठी पिंग आणि पॅकेट लॉस बघा, ग्राफिक्सला हात लावू नका. लॅपटॉपवर दहा-पंधरा मिनिटांनी तळच १४ वरून २० वर जाऊन तिथेच बसला, तर ती सुई नसून पायरी आहे आणि कारण बहुधा उष्णता. एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या खोलीत हे हमखास होतं. वेळेबरोबर तापमान आणि क्लॉक बघितले की दिसेल.

तिसरा प्रकार व्ही-सिंकचा, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवणाऱ्या सेटिंगचा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक चालू असताना फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले तर ती पुढच्या रिफ्रेशची वाट बघते आणि पडद्यावर ३३.३ नंतर येते. ग्राफमध्ये रेष १६.७ आणि ३३.३ अशा दोन पायऱ्यांवर उड्या मारते. तो दिसायला भयंकर स्टटर, मुळात मात्र कमी सरासरीच, किंचित कमी पडलेली. इथे सेटिंग एक पायरी उतरवली की प्रश्न मिटतो. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल आणि ते खरोखर चालू असेल तर या पायऱ्या दिसत नाहीत. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, पण केबल किंवा विंडोजच्या सेटिंगमुळे तो ६० वरच चालतोय असं बऱ्याचदा निघतं, तेवढं Advanced display मध्ये एकदा बघून घ्या.

गेम एसएसडीवर हलवूनही दारापाशी ४०-५० चे एखाददोन झटके उरतील. ते इंजिनातच आहेत, पॅच आला तरच कमी होतात. तेवढे चालत असतील तर हेच कार्ड ठेवा. ७३ चे १०० एफपीएस हवेत म्हणून कार्ड बदलायचं असेल तर जरूर बदला, पण आधी डिस्कचं काम उरका आणि त्यानंतरची फाइल इथे टाका. तिच्यातही GPUBusy आणि FrameTime आतासारखेच जोडीने चालले असतील तरच नव्या कार्डाचा उपयोग होईल. दोघांत चार-पाच मिलिसेकंदांची फट दिसली तर अडचण सीपीयूची आहे.